तीन दिवसांत संपत आलेली बाटली : बावीस महिन्यांच्या मुलाचे डोळे येण्याचे एक प्रकरण

आषाढातल्या एका सोमवारी सकाळी मंगळवार पेठेतले एक कुटुंब बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. रविवारी सकाळी त्याचा उजवा डोळा चिपडांनी चिकटलेला होता. सोमवारी दोन्ही डोळे चिकटले, आणि उजव्या डोळ्यातून पुसल्यावर अर्ध्या तासात पुन्हा पिवळट-हिरवट घट्ट चिकटा जमू लागला. ताप नव्हता, दोन दिवसांपूर्वी थोडी सर्दी झालेली होती. मूल खेळत होते, खात होते आणि मी टॉर्च जवळ नेल्यावर टॉर्चच हिसकावून घ्यायला पाहत होते. उजेड सहन न होणाऱ्या मुलाचे वागणे असे नसते, त्यामुळे ही मला दिलासा देणारी पहिली खूण होती.

पावसाळ्यात डोळे आलेले प्रत्येक मूल जिवाणूंचेच असते असे नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर जी डोळ्यांची साथ आली होती, तिच्यातील बहुतेक रुग्ण विषाणूंचे होते, आणि विषाणूंच्या डोळ्याला प्रतिजैविक थेंबांचा काही उपयोग होत नाही. त्या प्रकारात डोळ्यातून पाण्यासारखा स्राव येतो आणि कानापुढची छोटी गाठ पुष्कळदा हाताला लागते. अ‍ॅलर्जीचे मूल डोळे सतत चोळते, तक्रार खाजेची असते. या मुलाच्या बाबतीत घट्ट पुवासारखा स्राव, सकाळी पापण्यांचे केस एकमेकांना चिकटून बसणे, गाठ नसणे आणि वय या सगळ्यांवरून जिवाणूसंसर्ग अधिक संभवनीय वाटला. या वयात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि न्यूमोकोकस हे त्यामागचे नेहमीचे जिवाणू असतात. हिमोफिलस डोळ्याबरोबर कानातही संसर्ग करतो, म्हणून मी दोन्ही कानांचे पडदे पाहिले आणि ते स्वच्छ होते. पडदा लाल आणि फुगलेला असता, तर नुसत्या थेंबांवर न थांबता पोटात घ्यायचे प्रतिजैविकही द्यावे लागले असते.

मी मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के हे थेंब लिहून दिले : दोन्ही डोळ्यांत प्रत्येकी एक थेंब, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. या निवडीमागचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण ते औषधाच्या ताकदीचे नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब स्वस्त आहेत आणि चांगलेही आहेत, पण ते पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी आणि नंतर दर चार तासांनी घालावे लागतात. टोब्रामायसिनचेही साधारण चार-चार तासांनी असते. शहाण्या दहा वर्षांच्या मुलाला मी हे निःशंकपणे देते. बावीस महिन्यांच्या मुलाला मात्र दिवसातून आठ वेळा धरणे म्हणजे घरात आठ वेळा युद्ध होणे, आणि त्यातली पाच टाळली जाणार हे मला अनुभवाने माहीत आहे. जे औषध दिवसातून तीनदाच पुरते, तेच अशा वयात वापरण्याजोगे ठरते. मॉक्सिफ्लॉक्सासिन उगाच वापरू नये असे मानणारे माझे सहकारी आहेत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मी हा सौदा जाणूनबुजून केला.

गुरुवारी सकाळी तेच कुटुंब परत आले. या वेळी मुलाचे वडीलही होते. उजवा डोळा सोमवारसारखाच होता, डाव्याचा त्रास जरासा वाढला होता. वडिलांनी थेट सांगितले, "मॅडम, हे औषध लागू पडत नाही. जरा स्ट्राँग द्या." त्यांनी खिशातून दुसरी एक बाटली काढली. शेजारच्या आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती उरली होती. नाव जवळजवळ आमच्याच औषधाचे होते, शेवटी एक अक्षर अधिक होते. ते अक्षर डेक्सामेथासोनचे, म्हणजे स्टेरॉइडचे होते. शस्त्रक्रियेनंतर ते योग्य असते. पण डोळा आलेल्या मुलात स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत कमी दिसते आणि संसर्ग मात्र आत तसाच राहतो. त्यातही संसर्ग नागिणीच्या वर्गातल्या हर्पीस विषाणूचा असेल, तर बुबुळावर व्रण पसरू शकतो, आणि लांबलेल्या वापराने डोळ्याच्या आतला दाब वाढतो. ती बाटली त्यांनी अजून वापरलेली नव्हती, एवढे विचारून घेतल्यावर मला बरे वाटले. वापरण्याआधी विचारायला आणली हा त्यांचा शहाणपणा होता.

तीन दिवसांत फरक पडला नाही तर फेरविचार करावा, असे मी स्वतःच सोमवारी सांगितले होते, त्यामुळे त्यांची तक्रार रास्त होती. औषध बदलण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, बुबुळ. फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची पट्टी ओली करून पापणीच्या कडेला टेकवली आणि निळ्या उजेडात पाहिले. बुबुळावर कोठेही हिरवा डाग उमटला नाही, म्हणजे जखम नव्हती. वरची पापणी उलटून पाहिली, आत कचरा नव्हता. पापणीवर फोड नव्हते, सूज डोळ्याभोवती पसरलेली नव्हती. दुसरी गोष्ट, आणि या प्रकरणात तीच निर्णायक ठरली, ती म्हणजे आमच्या औषधाची बाटली. मी ती मागून घेतली आणि खिडकीकडे धरली.

पाच मिलिलिटरची ती बाटली होती आणि तिच्यात जेमतेम एक मिलिलिटर शिल्लक होते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब बसतात. सोमवार दुपारपासून गुरुवार सकाळपर्यंत एकूण नऊ वेळा औषध जायला हवे होते, दोन डोळे धरून अठरा थेंब, म्हणजे एक मिलिलिटरही नाही. येथे चार मिलिलिटर संपले होते. इतके औषध वापरूनही डोळा तसाच राहिला, याचा अर्थ औषध बहुधा डोळ्यात पोहोचलेलेच नव्हते. ज्या घरातून "गुण नाही" अशी तक्रार येते, त्या घरातली बाटली मी आता दरवेळी मागून घेते. जवळजवळ भरलेली बाटली वेळा चुकल्याचे सांगते, आणि लवकर संपत आलेली बाटली थेंब गालावर गेल्याचे.

बाटलीचे टोकही नेहमीसारखे दिसत नव्हते. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना वर आधीपासून छिद्र नसते. झाकणाच्या आत एक टोकदार खिळा असतो. झाकण पूर्ण आवळून फिरवले की तो टोकाला नेमके छिद्र पाडतो आणि त्यातून एकेक मोजका थेंब येतो. ही सूचना बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि ती क्वचितच वाचली जाते. आजींनी औषध येत नाही म्हणून टोक कात्रीने कापले होते. त्यामुळे थेंबाऐवजी धार येत होती. कापलेल्या टोकाचा दुसरा दोष असा की त्याची कड धारदार होते, आणि हालणाऱ्या मुलाच्या डोळ्याजवळ ती नेणे धोक्याचे असते.

मग मी आईला सोमवारपासूनचे एकेक वेळचे सांगायला लावले. सोमवारी दुपारी आणि रात्री औषध घातले. दोन्ही वेळा मुलाने डोळे घट्ट मिटले, ते बोटांनी उघडायचा प्रयत्न केला, मूल किंचाळले आणि औषध गालावरून कानाकडे गेले. मंगळवारी सकाळी आणि दुपारी त्याने बाटली पाहूनच पळ काढला. रात्री आजींनी एक मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "दिवसाला तीन थेंब लिवल्यात न्हवं, दिवसभर घेतलं न्हाई, मग रातच्याला तिन्ही एकदम सोडलं. लेकरू दोनदा तरी कशाला रडवायचं?" बुधवारी दोनदा, त्यातली एक वेळ मूल झोपेत असताना, आईला खात्री होती ती तेवढ्याच वेळेची. गुरुवारी सकाळी काहीच नाही. म्हणजे नऊपैकी पाच वेळा प्रयत्न झाला, आणि त्यातल्या एका वेळी औषध नक्की आत गेले.

आजींचा हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो आणि म्हणूनच तो थोडा उलगडून सांगायला हवा. गोळीच्या बाबतीत आपण एकूण मात्रेचा विचार करतो, थेंबाच्या बाबतीत तो चालत नाही, कारण डोळ्याची खोबण लहान असते. मोठ्या माणसाच्या खालच्या पापणीमागे एरवी सात-आठ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि ताणून तीसेक मायक्रोलिटर मावतात. बाटलीतून येणारा एक थेंब त्याहून मोठा, चाळीस-पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे पहिलाच थेंब भांडे भरून वर सांडतो, आणि लहान मुलात तर भांडे आणखी लहान. दुसरा व तिसरा थेंब पहिल्याला धुऊन काढण्यापलीकडे काही करत नाहीत. शिवाय आत राहिलेले औषधही पापण्यांच्या उघडझापीने नाकाच्या नळीतून थोड्या मिनिटांत घशाकडे निघून जाते (म्हणूनच मुले औषध घातल्यावर तोंड कडू झाल्यासारखे करतात), आणि रडणाऱ्या मुलात अश्रूंच्या लोंढ्यामुळे हे अधिकच लवकर होते. पेशींमध्ये मुरलेले औषध काही तास टिकते, मग पुन्हा भर घालावी लागते. त्यामुळे एका वेळी थेंब एकच आणि वेळा मात्र तीन, या दोन आकड्यांपैकी पहिला वाढवून दुसऱ्याची भरपाई होत नाही.

येथे माझीही चूक होती. मी कागदावर व्यवस्थित लिहिले होते, पण तोंडी सांगताना "दिवसाला तीन थेंब" असेच म्हणाले असणार. बोलताना आपण सगळेच तसे म्हणतो. आणि थेंब घालायचे कसे, हे मी दाखवलेले नव्हते. म्हणून मी औषध बदलले नाही. तेच औषध नव्या बाटलीत, दिवसांची मोजणी गुरुवारपासून नव्याने, आणि पहिले थेंब दवाखान्यातच, आईच्या हातून.

आधी साफसफाई. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून, पिळून, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर कानाकडे एकदाच पुसायचे आणि तो बोळा टाकून द्यायचा. पुन्हा पुसायला नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला वेगळा. वाळलेले चिपड ओढून काढायचे नाही, ओला बोळा मिनिटभर टेकवून ते मऊ करायचे. ही पायरी या घरात पूर्णपणे वगळली जात होती. औषधाचा थेंब पुवाच्या थरावर पडला तर तो पुवाबरोबरच बाहेर येतो, आणि पापण्या चिकटलेल्या असतील तर आत शिरायला वाटच नसते.

मग धरणे. आई सतरंजीवर पाय सरळ पसरून बसली. मुलाला पाठीवर अशा रीतीने झोपवले की त्याचे डोके तिच्या दोन मांड्यांमध्ये तिच्या पोटाकडे आणि पाय तिच्या पावलांकडे आले. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या मांड्यांखाली घेतले, दाबून नव्हे तर अडकवून. मांड्यांमुळे डोके दोन्ही बाजूंनी सांभाळले जाते आणि आईचे दोन्ही हात मोकळे राहतात. घरात माणूस एकच असेल तर यापेक्षा सोयीची बैठक मला माहीत नाही. दुसरे माणूस असेल तर मुलाला दुपट्यात हातांसकट गुंडाळून त्याच्या मांडीवर द्यावे. दोघांनी धरून तिसऱ्याने पापण्या उपसण्याचा जो प्रकार चालतो, त्यात मूल घाबरते आणि दुसऱ्या दिवशी बाटली दिसताच पळते.

आता मुख्य युक्ती, आणि ती म्हणजे मिटलेला डोळा उघडायचाच नाही. आईने मुलाचा चेहरा छताकडे सरळ ठेवला आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे पापण्या मिळतात तिथे पडणाऱ्या लहानशा खळग्यात, एक थेंब सोडला. बाटलीचे टोक बोटभर वर, पापणीला न टेकता. मूल रडत होते, डोळे आवळलेले होते. आजी लगेच पदराने पुसायला वाकल्या, त्यांना मी थांबवले. डोके न हलवता आम्ही वाट पाहिली. मुलाला किल्ल्यांचा आवाज ऐकवल्यावर त्याने पाहायला डोळा उघडला आणि साचलेला थेंब आपोआप आत सरकला. डोळा किलकिला होताच तो आत जातो, हे तिघांनीही पाहिले. त्यानंतर बाहेर ओघळलेले पुसायला हरकत नाही. या पद्धतीने थेंबाचा काही भाग बाहेर राहतो हे खरे, पण थेंब मुळातच भांड्यापेक्षा मोठा असल्यामुळे पुरेसे आत जाते. डोके वळवण्याचे प्रयत्न झाले तर मात्र खळगा रिकामा होतो. म्हणून बैठक आधी, थेंब नंतर.

वडिलांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक घरात येतो : आत गेला की नाही हे कळले नाही तर काय करायचे? थेंब पूर्ण गालावर गेला असे दिसले तर लगेच दुसरा घालावा. डोळा थोडा जरी उघडझाप झाला आणि पापणीच्या कडेला ओल चमकली, तर गेला असे समजावे. शंकाच असेल तर आणखी एक घातल्याने प्रतिजैविकाच्या बाबतीत अपाय होत नाही, फक्त औषध वाया जाते. ही मोकळीक प्रत्येक थेंबाला नाही. अ‍ॅट्रोपिन किंवा स्टेरॉइडच्या थेंबांत असे करू नये.

वेळा आम्ही घड्याळाऐवजी मुलाच्या झोपेवर बांधल्या. सकाळी उठल्यावर डोळे पुसून झाले की पहिली वेळ, दुपारी झोप लागल्यावर दुसरी, रात्री झोप लागल्यावर तिसरी. गाढ झोपेतल्या मुलाची खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली तर आतला लाल खळगा दिसतो, त्यात थेंब सोडता येतो. मूल दचकले तरी तोवर काम झालेले असते. बाटली फ्रीजमध्ये ठेवली असेल तर आधी मिनिटभर मुठीत धरावी, कारण गार थेंबानेच झोपमोड होते. अशा रीतीने दिवसातून जागेपणीचा प्रसंग एकच उरला. हे जमले नसते तर रात्रीसाठी मलमाचा विचार माझ्या मनात होता. मलम पापणीच्या कडेला लावले तरी उबेने वितळून आत जाते आणि अश्रूंनी चटकन धुतले जात नाही.

नवी बाटली आईने माझ्यासमोर झाकण आवळून उघडली, खोक्यावर तारीख घातली आणि माझ्या सांगण्यावरून पेनाने द्रवाच्या पातळीवर रेघ ओढली. रोज रात्री नवी रेघ. घरातल्या सर्वांनी थेंबाआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, मुलाचा टॉवेल वेगळा ठेवायचा, काजळ बंद. आजींनी गुलाबपाण्याबद्दल विचारले, तेही नको म्हणून सांगितले. डोळा दुखू लागला, उजेड नकोसा झाला, पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, ताप आला किंवा बुबुळावर पांढरट ठिपका दिसला, तर सातव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, हेही लिहून दिले.

शनिवारी आईचा फोन आला. सकाळी पापण्या चिकटल्या नव्हत्या, कोपऱ्यात थोडे चिपड होते. गुरुवारच्या पहिल्या दोन वेळा कठीण गेल्या, शुक्रवारी सकाळी मूल रडले पण धडपडले नाही. पुढच्या बुधवारी सात दिवस पूर्ण झाले तेव्हा दोन्ही डोळे पांढरे स्वच्छ होते.

या सुधारणेचे सगळे श्रेय थेंबांना देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुलांमधला साधा जिवाणूंचा डोळा पुष्कळदा आठवड्याभरात आपोआपही बरा होतो. प्रतिजैविकाने तो काहीसा लवकर बरा होतो आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला लागण्याचा काळ कमी होतो, एवढाच त्याचा वाटा. शनिवारी दिसलेला फरक हा आजाराचा सातवा दिवस असल्यामुळेही असू शकेल. पण गुरुवारी "स्ट्राँग" म्हणून औषध बदलले असते, तर नव्या औषधाचेही तेच गालावरचे ओघळ झाले असते, आणि नंतर आलेला गुण आम्ही सर्वांनी त्या नव्या औषधाच्या नावावर मांडला असता. शेजारची स्टेरॉइडची बाटली वापरली गेली असती, तर तिच्याही.

शेवटच्या भेटीला आईने बाटली आणली होती. दोन डोळे, तीन वेळा, सात दिवस म्हणजे बेचाळीस थेंब, दोन मिलिलिटरच्या थोडे वर. शेवटची रेघ निम्म्याच्या जरा खाली होती. वाया गेलेले आठ-दहा थेंब त्यात आले. आजींनी विचारले, "उरलंय निम्मं, धाकट्या लेकीच्या पोरीला हुईल का? तिचंबी डोळं पाणावल्यात कालपासनं." नुसते पाणावलेले असतील तर हे औषध तिच्या उपयोगाचे नाही, आणि एका मुलाच्या पापण्यांजवळ सात दिवस वावरलेली बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात घालायची नाही, उघडल्यानंतर महिन्याने तर ती या मुलालाही चालणार नाही. आजींनी ती माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकली आणि नातीला संध्याकाळी घेऊन येते म्हणाल्या.